जाहिरातीत आहे, रेझ्युमेत नाही: त्या फटीतून येणारे मुलाखतीचे प्रश्न कसे ओळखायचे

जाहिरात आणि रेझ्युमे शेजारी ठेवून ताडून पाहिलं की हाती एक यादी उरते: अनुभव कमी, टॅली येत नाही, मध्ये दीड वर्ष रिकामं, लायसन्स नाही. बहुतेक उमेदवार ही यादी वाचून हिरमुसतात, नाहीतर रेझ्युमेत दोन ओळी फुगवतात. खरं तर मुलाखतीत काय विचारलं जाईल याचा याहून चांगला अंदाज दुसरीकडे कुठे मिळत नाही. अडचण एवढीच की यादी कागदाच्या भाषेत असते आणि मुलाखत घेणारा कामाच्या भाषेत बोलतो. 'तुम्हाला साठवणुकीचा अनुभव नाही' असं तो म्हणणार नाही. तो विचारेल, 'गोदामात माल आला २०० क्विंटल, गेला १९३, तर ७ कुठे गेला?'

या दोन भाषांमधला पूल एकाच प्रश्नाने बांधता येतो: ही उणीव असलेला माणूस ठेवला तर कंपनीचं नुकसान नेमकं कुठे होईल? त्या नुकसानीची धास्ती सापडली की प्रश्न सापडतो, आणि प्रश्न सापडला की तयारी काय करायची हे आपोआप ठरतं. पुढे एक नमुना घेऊन हे टप्प्याटप्प्याने केलं आहे. नमुना रचलेला आहे, पण अशा जागा आणि असे रेझ्युमे वाशीम, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात सर्रास दिसतात.

## नमुना

मंगरुळपीर तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी सोयाबीन आणि तूर खरेदी करते. तिला खरेदी समन्वयक हवा आहे. उमेदवार मुलगी बी.एस्सी. कृषी, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून उत्तीर्ण. त्यानंतर गावाजवळच्या कृषी सेवा केंद्रात ११ महिने काम, मग अमरावतीला राहून दीड वर्ष एमपीएससीचा अभ्यास. घरी ६ एकर कोरडवाहू शेती. मुलाखतीला १२ दिवस आहेत.

| जाहिरात काय मागते | रेझ्युमेत काय दिसतं |
|---|---|
| शेतमाल खरेदीचा २ वर्षांचा अनुभव | कृषी सेवा केंद्र, ११ महिने (विक्री) |
| ओलावा व प्रत तपासणीचं ज्ञान | उल्लेख नाही |
| साठा नोंदवही, एक्सेल. टॅली असल्यास प्राधान्य | एमएस-सीआयटी |
| दुचाकी व लायसन्स आवश्यक | उल्लेख नाही |
| हंगामात मुक्कामाची तयारी | उल्लेख नाही |
| – | दीड वर्षाचा खंड |

शेवटची ओळ जाहिरातीत नाही, तरी ती यादीत घ्यायची. जाहिरात न मागता पॅनेल जे पाहतं त्यात कामातला खंड पहिला येतो.

## आधी चाळणी: खरंच नाही की लिहिलंच नाही?

प्रश्न काढायला बसण्याआधी प्रत्येक उणिवेला विचारा: ही गोष्ट माझ्याकडे मुळातच नाही, की आहे पण कागदावर आली नाही? या दोन्हींची तयारी पूर्ण वेगळी असते. पहिलीत शिकावं लागतं, दुसरीत पुरावा शोधावा लागतो. दोन्हींची गल्लत झाली की उमेदवार जे येतं तेच पुन्हा शिकण्यात आठ दिवस घालवतो आणि जे येत नाही ते तसंच राहतं.

आपल्या नमुन्यात पुरावा बराच दडलेला आहे. पदवीच्या चौथ्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजे आपण सगळे 'रावे' म्हणतो तो कार्यक्रम झालेला असतो. त्यात एका गावात राहून शेतकऱ्यांच्या माहितीचे तक्ते भरलेले असतात. घरची सोयाबीन बाजार समितीत नेताना काटा, ओलावा, हमाली, तोलाई हे सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असतं. कृषी सेवा केंद्रात रोजचा साठा लिहिला असेल, बॅच क्रमांक आणि मुदत पाहून माल पुढे काढला असेल, उधारीची वही सांभाळली असेल. खरेदीचा अनुभव नसला तरी साठा, नोंद आणि शेतकऱ्याशी पैशाचं बोलणं या तीन गोष्टींचा अनुभव आहे.

आठवायला बसताना 'मी काय काय केलं' असं मोघम लिहू नका. जाहिरातीची ओळ वर लिहा आणि खाली 'याच्या सगळ्यात जवळचं मी कधी, कुठे, किती प्रमाणात केलं' एवढंच लिहा. आकडा आठवला तर लिहा. नाही आठवला तर आकडा घुसडू नका. पॅनेलमध्ये बसणारा संचालक स्वतः शेतकरी असतो. 'दुकानात रोज ५० टन खत विकलं जायचं' असं ऐकलं की त्याच्या कपाळावर लगेच आठी पडते, कारण ५० टन म्हणजे ५० किलोच्या १,००० पिशव्या होतात.

दुसरी चाळणी महत्त्वाची आहे, पण तिला फार वेळ लागत नाही. 'आवश्यक' लिहिलेलं आणि पहिल्याच दिवशी लागणारं वर ठेवा, 'प्राधान्य' लिहिलेलं खाली. १२ दिवसांत चार उणिवांची नीट तयारी होते, नऊंची होत नाही. नमुन्यात वर येतात ओलावा-प्रत, साठ्याची नोंद, खंड आणि लायसन्स. 'दोन वर्षांचा अनुभव' ही उणीव वेगळी सोडवता येत नाही, कारण ११ महिन्यांचे २४ होणार नाहीत. पण तिचं वजन ओलावा आणि साठा या दोन उत्तरांनीच कमी होतं.

## धास्तीपासून प्रश्नापर्यंत

एका उणिवेतून साधारण तीन प्रकारचे प्रश्न निघतात. एक सरळ: 'मॉइश्चर मीटर वापरलाय का?' दुसरा प्रसंगाचा: समोर शेतकरी उभा आहे, माल ओला आहे, आता काय? तिसरा खोदून विचारलेला. तुम्ही पहिल्या दोनांना दिलेल्या उत्तरालाच धरून 'मग?' असं विचारलं जातं. उमेदवार बहुधा पहिल्याची तयारी करतात आणि तिसऱ्यात अडकतात.

म्हणून वहीत प्रत्येक उणिवेखाली चार गोष्टी लिहा: कंपनीची धास्ती, तीन प्रश्न, माझ्याजवळचा खरा पुरावा, आणि मुलाखतीपर्यंत करायचं एक काम. चौथी गोष्ट 'अभ्यास करणे' अशी लिहिली तर ती होत नाही. 'मंगळवारी बाजार समितीत जाऊन तीन ढिगांचा ओलावा मोजताना पाहणे' अशी लिहिली तर होते.

आता सगळ्यात जड उणीव पूर्ण सोडवून पाहू.

## ओलावा आणि प्रत: एका उणिवेची पूर्ण उकल

कंपनीची धास्ती अशी असते. समन्वयकाने ओला माल सुक्याच्या भावात घेतला तर गोदामात वजन घटतं, माल तापतो, बुरशी धरतो, आणि प्रक्रिया प्लँटवर गाडी गेल्यावर कपात लागते किंवा गाडीच परत येते. नुकसान सभासदांच्याच पैशाचं होतं. उलट सुका माल ओला म्हणून कापला तर सभासद पुढच्या वर्षी व्यापाऱ्याकडे जातो. म्हणजे समन्वयक दोन्ही बाजूंनी चुकू शकतो, आणि पॅनेलला दोन्ही बाजू तपासायच्या असतात.

सरळ प्रश्न असेल: 'सोयाबीन किती ओलाव्याचा घ्यायचा?' इथे एकच आकडा सांगणारा उमेदवार अर्धा अडकतो, कारण उत्तर माल कुणाला विकायचा यावर अवलंबून आहे. हमीभाव खरेदीत सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारने ती सवलत म्हणून १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. तेल प्लँटच्या अटी साधारण १० टक्के ओलावा, २ टक्के माती-काडीकचरा आणि २ टक्के खराब दाणा अशा असतात, आणि त्यापुढे कपात लागते. चांगलं उत्तर असं: 'हमीभाव केंद्रासाठी १२, प्लँटला द्यायचा असेल तर हिशोब १० वर. आपल्या कंपनीचा माल कुठे जातो त्यावर खरेदीची मर्यादा ठरेल.' उत्तराच्या शेवटी 'आपण माल कुठे देता?' असं विचारलंत तर ते आगाऊपणाचं वाटत नाही, कामाचं वाटतं.

भाव विचारला जातोच. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ रुपये क्विंटल होता, २०२५-२६ ला ५,३२८. तुरीचा याच दोन वर्षांत ७,५५० वरून ८,०००. मुलाखतीच्या आदल्या दिवशी जवळच्या बाजार समितीचा चालू भाव बघून जा. वाशीम आणि कारंजा दोन्हीकडचा माहीत असेल तर उत्तम, कारण दोन्हींतला फरक संचालकाला तोंडपाठ असतो.

प्रसंगाचा प्रश्न बहुधा वऱ्हाडीतच येतो, कारण तो संचालक विचारतो: 'शेतकरी म्हणते माहा माल वाळेल हाय, काट कायले मारता? मंग तू काय सांगशीन?' याचं उत्तर नियमाने सुरू करू नका, कृतीने करा. परखीने पोत्याच्या वर, मध्ये आणि तळाशी नमुना घ्यायचा, एकाच पोत्यातून नाही. नमुना एकत्र मिसळायचा. मीटरवर सोयाबीनचाच पर्याय निवडलेला आहे हे पाहायचं, कारण तुरीवर ठेवलेला मीटर सोयाबीनचा आकडा चुकीचा दाखवतो. तीनदा मोजून सरासरी काढायची, आणि हे सगळं शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत. उन्हातून नुकताच आलेला तापलेला दाणा मोजला तर आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून नमुना थोडा वेळ सावलीत ठेवायचा. एवढं करून १३ आला तर दोन पर्याय सांगायचे: कंपनीच्या नियमाने कपात घेऊन आज देणं, किंवा ताडपत्रीवर वाळवून पुन्हा आणणं. बाजारातल्या कडत्याने पोळलेला शेतकरी कपातीपेक्षा न दाखवता केलेल्या कपातीवर जास्त चिडतो. हे उत्तरात आलं की संचालक मान हलवतो.

आता खोदून विचारलेला प्रश्न. इथेच बहुतेकांची दांडी उडते: '२०० क्विंटल १३ टक्क्यांनी घेतला, १० टक्क्यांवर वाळवून विकला. घट किती?'

तोंडावर येणारं उत्तर असतं, तीन टक्के म्हणजे ६ क्विंटल. ते चूक आहे. वाळताना फक्त पाणी जातं, कोरडा माल तेवढाच राहतो. २०० क्विंटलमध्ये १३ टक्के पाणी म्हणजे कोरडा माल १७४ क्विंटल. वाळल्यावर हाच १७४ क्विंटल एकूण मालाच्या ९० टक्के असणार. म्हणून १७४ ला ०.९० ने भागायचं: १९३.३३ क्विंटल. घट ६.६७. सोयीसाठी ४,५०० रुपये भाव धरला तर घट ३०,००० रुपयांची, आणि 'तीन टक्के' धरून केलेल्या हिशोबात ३,००० रुपयांची चूक. २०० क्विंटलला ३,००० म्हणजे क्विंटलमागे १५ रुपये. हंगामभर अशीच खरेदी झाली तर ही रक्कम बरीच फुगते. पॅनेलला नेमकी हीच गोष्ट पाहायची असते.

यावर आणखी एक 'मग' येऊ शकतो: 'आणि घट ६.६७ ऐवजी ९ निघाली तर?' तेव्हा चोरी म्हणून मोकळं होऊ नका. खरेदीच्या वेळचा मीटर जुळवलेला होता का, काटा तपासलेला होता का, चाळणीत निघालेला कचरा वेगळा मोजला का, पोत्याचं वजन वजा केलं का, हे क्रमाने तपासायचं. ज्यूटचं रिकामं पोतंही वजन खातं आणि शेकडो पोत्यांत ते क्विंटलांत जातं.

पुरावा काय द्यायचा? मीटर कधी हातात धरला नसेल तर 'वापरलेला नाही' असं स्पष्ट सांगा आणि लगेच काय केलं ते सांगा. त्यासाठीच चौथ्या रकान्यातलं काम आहे: मुलाखतीआधी दोन वेळा बाजार समितीत किंवा खरेदी केंद्रावर जाऊन ग्रेडरच्या शेजारी उभं राहायचं, पाच ढिगांचे आकडे वहीत उतरवायचे. ती वही मुलाखतीला न्या. 'मी वापरला नाही, पण गेल्या आठवड्यात पाच ढिगांचा ओलावा मोजताना पाहिला, हे आकडे' हे वाक्य 'मी लवकर शिकेन' या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त पुढे नेतं.

जाहिरात कापसाची असती तर सगळे आकडे बदलले असते. सीसीआय हमीभावाने कापूस घेते तो ८ ते १२ टक्के ओलाव्याचा, ८ च्या वर भावात कपात आणि १२ च्या वर नकार. त्यामुळे दुसऱ्याच्या वहीतले प्रश्न पाठ करून जाऊ नका. पीक आणि खरेदीदार बदलला की उत्तर बदलतं.

## साठा, एक्सेल आणि टॅली

इथे धास्ती वेगळी आहे: वही आणि गोदाम जुळत नाही, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी तोंड लपवावं लागतं. म्हणून प्रश्न 'एक्सेल येतं का' असा तोंडी न येता समोर लॅपटॉप सरकवून येण्याची शक्यता धरा. दहा सभासदांची खरेदी दिलेली असते, ओलाव्यानुसार वजन दुरुस्त करा आणि सभासदवार बेरीज काढा असं सांगतात.

सराव असा करा: अ रकान्यात म्हणजे A मध्ये सभासद क्रमांक, B मध्ये वजन, C मध्ये ओलावा, आणि F1 या एका चौकटीत ठरलेला ओलावा १०. मग D मध्ये दुरुस्त वजन:

```
=ROUND(B2*(100-C2)/(100-$F$1),2)
```

ओळखीचं वाटेल, वर केलेलाच हिशोब आहे. `$F$1` मधली डॉलरची खूण विसरली तर सूत्र खाली ओढल्यावर ते F2, F3 कडे पाहू लागतं, तिथे काहीच नसतं, आणि १० च्या जागी शून्य धरलं जातं. चूक लगेच दिसत नाही, आकडे फक्त लहान येतात. लहान आकडे दिसले की आधी हेच तपासा. H2 मध्ये सभासद क्रमांक लिहून त्याची बेरीज:

```
=SUMIF(A:A,H2,D:D)
```

इतकं बोटांत बसलं की एक्सेलच्या बाकीच्या शंभर गोष्टी न येण्याने फारसं अडत नाही. पॅनेलसमोर सूत्र आठवलं नाही तर कॅल्क्युलेटर काढून हिशोब बरोबर दाखवा. सूत्र येतं पण हिशोब कळत नाही, यापेक्षा उलटं बरं.

टॅली 'प्राधान्य' मध्ये आहे, म्हणून तिला दोनच संध्याकाळी द्या. टॅलीप्राइम शैक्षणिक मोडमध्ये लायसन्सशिवाय चालतं. त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी होतात, सरावाला तेवढ्या पुरतात. क्विंटल हे एकक तयार करा, सोयाबीन ही वस्तू तयार करा, F9 ने खरेदीच्या तीन नोंदी, F8 ने विक्रीची एक, आणि शेवटी साठ्याचा सारांश उघडून शिल्लक जुळते का पाहा. मुलाखतीत 'टॅली येतं' म्हणू नका. 'खरेदी-विक्रीच्या नोंदी आणि साठ्याचा सारांश एवढं केलं आहे, जीएसटीचं केलेलं नाही' म्हणा. सीमा सांगितली की खोदून विचारायला जागा कमी उरते.

## दीड वर्षाचा खंड, आणि त्यामागचे न विचारलेले प्रश्न

खंडाबद्दल उमेदवार उगाच लाजतात. आपल्याकडे एमपीएससी केलेली पोरं घरोघरी आहेत, पॅनेलमधल्या कुणाचा तरी भाचा आज पुण्यात किंवा अमरावतीत तेच करतो आहे. दीड वर्ष काय केलं हे त्यांना बहुधा ठाऊक असतं. त्यांची धास्ती पुढची असते: पुन्हा जाहिरात आली की ही नोकरी सोडणार, आणि तेही ऐन दिवाळीत.

हे नुकसान खरंच मोठं आहे. सोयाबीन सप्टेंबरअखेरीपासून निघतो आणि खरेदीची गर्दी दसरा-दिवाळीच्या आसपास असते, तूर जानेवारीनंतर. ऑक्टोबरात समन्वयक गेला तर नवा माणूस सभासद ओळखेपर्यंत हंगाम संपतो. म्हणून प्रश्न असे येतात: 'अभ्यास चालू आहे का?', 'फॉर्म भरलाय का?', 'परीक्षा आणि खरेदी एकाच वेळी आली तर?'

उत्तराची तयारी म्हणजे आधी स्वतःशी ठरवणं. अभ्यास चालू असेल तर नाही म्हणू नका. तालुका लहान असतो, पंधरा दिवसांत कळतं. उत्तर असं बसवा: काय केलं, काय निष्पन्न झालं, आता काय ठरवलं आहे, आणि कंपनीचं नुकसान टाळायला मी काय बांधून घेते. उदाहरणार्थ: 'दीड वर्ष कृषी सेवेचा अभ्यास केला, दोनदा पूर्व परीक्षा दिली, निवड झाली नाही. यापुढे पूर्णवेळ अभ्यास करणार नाही. परीक्षेचा एक दिवस लागला तर आधी सांगून घेईन. ऑक्टोबर ते मार्च नोकरी सोडणार नाही, आणि कधी सोडायची झाली तर साठा मोजून, नोंदी जुळवून, महिनाभर आधी सांगून सोडेन.' यातलं एकही वाक्य खरं नसेल तर ते काढा. अर्ध्या मिनिटात संपतं, आणि तेवढंच पुरे. खंडाचं उत्तर दोन मिनिटांवर गेलं की ते सफाई दिल्यासारखं वाटू लागतं.

मुलींना आणखी एक प्रश्न येतो, कधी सरळ तर कधी आडून: 'बाई, लग्न झाल्यावर कसं?' किंवा 'गोदामावर रात्री उशीर होतो, घरचे पाठवतील?' असा प्रश्न मुलाला विचारत नाहीत आणि तो योग्यही नाही. पण चिडून उत्तर द्यायचं की नाही हे खुर्चीत बसल्यावर ठरवू नका, घरी ठरवा. कामापुरतं उत्तर देता येतं: 'या हंगामाची आणि पुढच्या हंगामाची खात्री देते. मुक्कामाची व्यवस्था काय आहे, गोदामावर रात्री सोबत कोण असतं, हे मला जाणून घ्यायचं आहे.' यात धास्तीला उत्तर आहे, आणि तुम्हाला खरंच माहीत असायला हवी ती गोष्टही विचारून होते. घरी या विषयावर बोलणं मुलाखतीआधी झालेलं असावं. ते झालं नसलं तर चेहऱ्यावर दिसतं.

## लायसन्स

ही उणीव बोलून सुटत नाही, करूनच सुटते. शिकाऊ लायसन्ससाठी सारथी पोर्टलवर अर्ज करा. पक्क्या लायसन्सची चाचणी त्यानंतर ३० दिवसांनी देता येते आणि शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. १२ दिवसांत पक्कं होणार नाही, शिकाऊ होऊ शकतं. मुलाखतीत तारखा सांगा: 'शिकाऊ निघालं आहे, अमुक तारखेनंतर चाचणी.' गाडी घरची आहे की घ्यावी लागेल तेही विचारतील, आणि पेट्रोल भत्त्याचा विषय तिथेच काढायला हरकत नसते.

## उत्तर कच्चं आहे हे कसं कळतं

वहीतली उत्तरं वाचून पक्की वाटतात, बोलताना फाटतात. म्हणून घरातल्या किंवा शेजारच्या अशा माणसाला समोर बसवा ज्याने स्वतः माल विकला आहे. काका, मोठे बाबा, कुणीही चालतील. त्यांना प्रश्नांची यादी देऊ नका, फक्त जाहिरात द्या आणि प्रत्येक उत्तरावर तीनदा 'मग?' विचारायला सांगा. दुसऱ्या 'मग' ला तुम्ही 'म्हणजे ते असं असतं की' वर आलात तर तिथे पुरावा नाही, फक्त शब्द आहेत. त्या जागी परत वहीकडे जा.

दुसरी खूण भाषेची. संचालक वऱ्हाडीत विचारेल, सल्लागार संस्थेचा प्रतिनिधी कदाचित हिंदीत. एकाच उत्तराचा सराव दोन्हींत करा, पण पाठ करू नका. पाठ केलेलं उत्तर ओळखणं सोपं असतं: प्रश्न थोडा फिरवला की उमेदवार आपल्या पहिल्या वाक्याकडे परत जातो.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. तपासणीत उणीव सापडली म्हणून रेझ्युमेत 'मॉइश्चर मीटर हाताळण्याचा अनुभव' अशी ओळ घातली जाते. त्या ओळीमुळे बोलावणं येईलही, पण मग मुलाखतीतला पहिला प्रश्न त्याच ओळीवर असतो आणि मीटर टेबलावर ठेवलेला असतो. रेझ्युमेत फक्त चाळणीत सापडलेलं 'आहे पण लिहिलं नव्हतं' तेवढंच भरा. 'रावे', दुकानातली साठा नोंदवही, घरच्या मालाची विक्री, हे लिहा. बाकी वहीत राहू द्या.

मुलाखतीला जाताना दुमडलेला एकच कागद सोबत असावा: चार धास्त्या, प्रत्येकीसमोर एक पुरावा, कालचा भाव, आणि ओलाव्याचा एक सोडवलेला हिशोब. बाहेर आलात की एसटीत बसल्याबसल्या खरंच आलेले प्रश्न कागदाच्या मागे लिहा. पुढच्या जाहिरातीसाठी यादी काढताना तुमच्या अंदाजाबाहेरचे प्रश्न आधी पाहायचे. ते बहुधा रेझ्युमेतल्या तुमच्या भक्कम ओळींवरून आलेले असतात: दुकानातली थकलेली उधारी कशी वसूल केली, रावेत कोणतं गाव होतं, घरच्या ६ एकरात यंदा कोणतं वाण पेरलं. उणिवांच्या यादीत हे कधीच येत नाही, म्हणून तिच्या खाली एक ओळ जोडून ठेवा: माझ्या रेझ्युमेतली सगळ्यात पक्की ओळ कोणती, आणि तिच्यावर तीनदा 'मग?' विचारलं तर मी काय सांगणार.